अभ्यासिकेचं अ‍ॅप आणि डेटा संरक्षणाचे नियम: छोट्या डेव्हलपरने चार कर्तव्यं एका पानावर कशी आणायची

नागपुरात नंदनवनहून मानेवाड्याकडे निघालं की दर दोन-चार इमारतींमागे पहिल्या मजल्यावर ‘अभ्यासिका’ अशी पाटी दिसते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाहून एमपीएससीच्या तयारीसाठी आलेली मुलं तिथे महिन्याच्या फीवर एक खुर्ची, एक दिवा आणि चार्जिंगचा प्लग घेऊन बसतात. अशा एका मालकासाठी मी आणि माझा भागीदार सीट बुकिंगचं अ‍ॅप चालवतो. त्यांच्या 3 शाखा आहेत आणि आज अ‍ॅपवर 640 विद्यार्थी आहेत. आमच्या दोघांशिवाय तिसरा माणूस नाही. वकील पगारावर ठेवणं आम्हाला परवडत नाही, आणि मालकांनाही नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 मध्ये मंजूर झाला आणि त्याखालचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये राजपत्रात आले. डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेची तरतूद लगेच लागू झाली. पण आपल्या कामाचे नियम, म्हणजे संमती, सुरक्षा, गळतीची खबर, डेटा पुसणं, हे राजपत्रात आल्यापासून 18 महिन्यांनी लागू होतात. म्हणजे मे 2027 च्या मध्यापासून. मुदत लांब वाटते, पण डेटाबेसची रचना बदलायची असेल तर ती फार लांब नाही.

मी आधी नियम पहिल्यापासून वाचत टिपणं काढली. अकरा पानं झाली. त्यातलं एकही पान मालकांच्या किंवा माझ्या भागीदाराच्या कामाला आलं नाही, कारण कुठला नियम आमच्या कुठल्या स्क्रीनला लागतो हे त्यातून कळत नव्हतं. मग क्रम उलटा केला. आधी डेटाबेस उघडला, एकेक रकाना कागदावर लिहिला, आणि प्रत्येक रकान्याला चार प्रश्न विचारले: हा घ्यायला संमती कशी घेतली, तो कुठे आणि किती दिवस ठेवतो, तो बाहेर गेला तर कोणाला कळवायचं, आणि चुकलं तर दंड कोणत्या खात्यात पडतो. नियमाचा सारांश असा काढला तरच तो आपल्या अ‍ॅपचा सारांश होतो. पुढे तीच पद्धत त्याच अ‍ॅपवर करून दाखवतो.

## पहिलं काम: जबाबदार कोण ते ठरवा

कायद्यात दोन भूमिका आहेत. डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो तो ‘डेटा फिड्युशरी’. त्याच्या सांगण्यावरून, त्याच्या वतीने जो डेटा हाताळतो तो ‘डेटा प्रोसेसर’. आमच्या बाबतीत कोणती माहिती घ्यायची आणि तिचं काय करायचं हे अभ्यासिकेचे मालक ठरवतात, म्हणून ते फिड्युशरी आणि आम्ही प्रोसेसर. कायद्याची बहुतेक सगळी कर्तव्यं फिड्युशरीवर आहेत. प्रोसेसरशी करार काहीही असो, जबाबदारी फिड्युशरीचीच राहते असं आठव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे.

हे वाचून अनेक डेव्हलपर सुटकेचा श्वास सोडतात, आणि तिथेच फसतात. तुमचं अ‍ॅप तुमच्याच नावाने प्ले स्टोअरवर असेल, विद्यार्थी तुमच्याकडे नोंदणी करत असेल, आणि तुम्ही दहा अभ्यासिकांना ते विकत असाल, तर काय घ्यायचं हे तुम्हीच ठरवताय. मग फिड्युशरी तुम्ही, किंवा तुम्ही आणि अभ्यासिका दोघं मिळून. त्याहून नकळत होणारी चूक म्हणजे गिऱ्हाइकाच्या यादीतले मोबाइल नंबर घेऊन त्यावर स्वतःच्या दुसऱ्या अ‍ॅपची जाहिरात पाठवणं. ज्या क्षणी तुम्ही तो डेटा स्वतःच्या हेतूसाठी वापरता, त्या क्षणी त्या वापरापुरते तुम्ही प्रोसेसर राहत नाही. आणि ती संमती तर तुमच्याकडे नसतेच.

म्हणून पानाच्या अगदी वर एक ओळ लिहा: फिड्युशरी कोण, प्रोसेसर कोण, आणि लेखी करार कोणत्या तारखेचा. वैध कराराशिवाय प्रोसेसरकडे काम देता येत नाही. आमच्याकडे हा करार नव्हता, सगळं फोनवरच्या बोलण्यावर चाललेलं होतं.

## दुसरं काम: रकान्यांची यादी

आमच्या टेबलांत विद्यार्थ्याबद्दल नऊ गोष्टी निघाल्या: नाव, मोबाइल, जन्मतारीख, फोटो, आधार कार्डाचा फोटो, पालकांचा मोबाइल, येण्या-जाण्याची वेळ, फी भरल्याचा संदर्भ क्रमांक, आणि मोबाइलवर सूचना पाठवण्यासाठीचं टोकन. अ‍ॅप याशिवाय लोकेशनची परवानगीही मागत होतं. कशासाठी, ते आम्हा दोघांनाही आठवेना. कुठल्यातरी जुन्या नमुन्यातून ती ओळ आली होती. ती त्याच दिवशी काढली.

खरा वाद झाला आधारच्या फोटोवर. मालक म्हणाले, “भाऊ, आधारचा फोटो तं सगळेच घेतात ना. पोरगं कोण हाय ते माहीत नको का आपल्याले?” त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. कोण येऊन बसतंय हे त्यांना माहीत असायलाच हवं. पण ओळख पटवणं वेगळं आणि कार्डाची प्रत कायमची साठवणं वेगळं. काउंटरवर कार्ड बघून ‘ओळखपत्र पाहिलं’ असा एक होय-नाहीचा रकाना भरला तरी ओळख पटते.

कायद्याचं मोजमाप इथे नेमकं आहे. संमती दिलेली असली तरी ती ठरलेल्या हेतूसाठी आवश्यक असलेल्या डेटापुरतीच धरली जाते. कायद्यातच उदाहरण आहे: ऑनलाइन डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अ‍ॅपने रुग्णाच्या फोनमधली संपर्क यादी मागितली आणि रुग्णाने ‘हो’ म्हटलं, तरी त्या सेवेला ती यादी लागत नाही, म्हणून संमती तेवढ्यापुरती गैरलागू. खुर्ची राखून ठेवायला आधारची प्रत लागत नाही, तसंच हे.

दुसरं कारण मला जास्त पटलं आणि मालकांनाही त्यानेच पटलं. नियमांप्रमाणे वैयक्तिक डेटा आणि त्याच्या वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवायच्या आहेत. म्हणजे जे घ्याल ते विद्यार्थी सोडून गेला तरी लगेच फेकता येत नाही, आणि तेवढा काळ ते सांभाळण्याची जबाबदारी डोक्यावर राहते. 640 आधारकार्डांचे फोटो वर्षभर राखत बसण्यापेक्षा ते न घेणं स्वस्त. यादीतून रकाना काढणं हे या सगळ्या कायद्यातलं सर्वांत कमी खर्चाचं काम आहे, म्हणून ते संमतीच्या स्क्रीनला हात लावण्याआधी करा.

## संमती: स्क्रीनवर काय आणि टेबलात काय

संमतीआधी सूचना द्यावी लागते. ती सूचना स्वतंत्रपणे वाचता आणि समजता आली पाहिजे. ‘अटी व शर्ती’ नावाच्या चौदा पानी फायलीत पुरलेली चालणार नाही. तिच्यात काय काय घेतोय याची बाबवार यादी, प्रत्येकाचा हेतू, त्यातून मिळणारी सेवा, आणि तीन गोष्टींची वाट दाखवलेली हवी: संमती मागे कशी घ्यायची, आपले हक्क कसे वापरायचे, आणि मंडळाकडे तक्रार कशी करायची. आम्ही लिहिलेली सूचना अशी सुरू होते:

“तुमची खुर्ची राखून ठेवण्यासाठी आम्ही तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि फोटो घेतो. फोटो दारावरच्या कर्मचाऱ्याला तुम्हाला ओळखता यावं म्हणून. तुमची येण्या-जाण्याची वेळ खुर्ची रिकामी आहे का हे दाखवण्यासाठी नोंदवतो. ही संमती ‘माझं खातं’ मध्ये एका बटणाने मागे घेता येते.”

त्याखाली दोन वेगळे पर्याय आहेत, दोन्ही आधीपासून बंद: पालकांना हजेरीचा संदेश पाठवायचा का, आणि नवीन बॅचच्या जाहिराती हव्यात का. आधी हे सगळं एकाच ‘मी सहमत आहे’मध्ये कोंबलेलं होतं. संमती मोकळेपणाने, विशिष्ट हेतूसाठी, माहितीनिशी, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती माणसाच्या स्पष्ट कृतीतून आली पाहिजे, असं सहावं कलम सांगतं. जाहिरातींना नकार दिला म्हणून खुर्ची नाकारली तर संमती बिनशर्त उरत नाही. आणि आधीच टिक केलेला चौकोन ही विद्यार्थ्याची कृती नव्हे.

भाषेबद्दल अनेकांचा गैरसमज आहे. ग्राहक मराठी आहेत म्हणून मराठी पुरे, असं कायदा म्हणत नाही. सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे, आणि त्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. आम्ही मराठी, हिंदी, इंग्रजी समोर ठेवल्या आणि बाकीच्या ‘इतर भाषा’ या बटणामागे. सूचना पंधरा ओळींची असल्याने हे जमलं. चौदा पानांची असती तर भाषांतराच्या खर्चातच अडकलो असतो.

आता टेबल. वाद झाला तर सूचना दिली होती आणि संमती मिळाली होती हे सिद्ध करण्याचा भार फिड्युशरीवर आहे. त्यामुळे वापरकर्त्याच्या रांगेत `consent = true` एवढं लिहून भागत नाही. त्यातून कोणत्या सूचनेला, कोणत्या भाषेत, केव्हा होकार दिला हे कळत नाही, आणि संमती मागे घेतली की जुना होकारही पुसला जातो. नोंदी नुसत्या वाढत जातील, बदलणार नाहीत, असं वेगळं टेबल ठेवा:

```sql
CREATE TABLE consent_log (
  id             BIGINT PRIMARY KEY,
  user_id        BIGINT NOT NULL,
  purpose        TEXT NOT NULL,
  notice_version TEXT NOT NULL,
  notice_lang    TEXT NOT NULL,
  action         TEXT NOT NULL,
  at             TIMESTAMPTZ NOT NULL
);
```

`action` मध्ये `given` किंवा `withdrawn`, आणि सूचनेच्या प्रत्येक आवृत्तीचा मजकूर वेगळा जपून ठेवलेला. सूचना बदलली की आवृत्ती बदलते, हे विसरलं तर बाकी सगळी नोंद निरुपयोगी होते.

संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं. पारख साधी आहे: देताना किती बोटं टेकली आणि घेताना किती टेकावी लागतात ते मोजा. आमच्याकडे देणं एका बोटाचं होतं आणि मागे घ्यायला ‘ईमेल करा’ असं लिहिलेलं होतं. हे चालणार नाही. आणि बटण दाबल्यावर फक्त आपल्या टेबलात बदल करून भागत नाही. संदेश पाठवणाऱ्या सेवेकडे तोच नंबर पडलेला असतो, तिथूनही तो थांबला पाहिजे.

जुन्या विद्यार्थ्यांचं काय? नियम लागू होण्याआधी ज्यांनी संमती दिली, त्यांना शक्य तितक्या लवकर नवी सूचना द्यायची. त्यांनी संमती मागे घेईपर्यंत काम चालू ठेवता येतं. सगळ्यांना बाहेर काढून पुन्हा नोंदणी करायला लावण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र अभ्यासिकांना हमखास नडणार आहे. कायद्यात 18 वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, आणि नीट किंवा जेईईची तयारी करणारी मुलं बरेचदा 17 ची असतात. त्यांच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं किंवा त्यांना नेमून जाहिरात दाखवणं मना आहे. शिक्षणसंस्थांना काही सवलत आहे, पण ती शिक्षण देणाऱ्या संस्थांना. अभ्यासिका जागा देते, शिकवत नाही. त्या सवलतीवर विसंबून राहू नये असं माझं मत आहे. आम्ही 18 खालच्यांची अ‍ॅपवरची थेट नोंदणी बंद केली. पालक काउंटरवर येतात, स्वतःचं ओळखपत्र दाखवतात, त्यांच्याच मोबाइलवर ओटीपी जातो आणि त्यांच्या नावाने संमती नोंदते. मालकांना याची कटकट वाटली, पण काउंटर असणं ही अभ्यासिकेची सोय आहे. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या अ‍ॅपला पालक प्रौढ आहे हे पटवणं याहून पुष्कळ अवघड जाईल.

## साठवण: किती जपायचं आणि कधी पुसायचं

सुरक्षेचा नियम तंत्रज्ञानाचं नाव घेत नाही, किमान गोष्टी सांगतो. डेटा एन्क्रिप्ट करणं किंवा झाकणं, कोणाला काय दिसेल यावर ताबा, कोणी काय पाहिलं याच्या नोंदी आणि त्यांची तपासणी, बॅकअप, त्या नोंदी एक वर्ष राखणं, आणि प्रोसेसरशी करारात सुरक्षेची अट. होस्टिंग चांगलं असेल तर यातलं निम्मं तिथेच मिळतं. राहिलेलं निम्मं माणसांच्या सवयीत असतं, आणि गळती तिथूनच होते.

आमच्याकडे तीन भोकं सापडली. पहिलं, फोटोंचं स्टोरेज सार्वजनिक होतं. दुवा माहीत असला की कोणालाही फोटो उघडता येत होता, आणि फायलींची नावं 1041, 1042 अशी ओळीने असल्याने दुवा ओळखायला काही अक्कल लागत नव्हती. हे तपासायला लॉगिन न करता एवढंच करा:

```
curl -I https://example.com/uploads/1042.jpg
```

उत्तरात `200` आलं तर दार उघडं आहे. `403` यायला हवं. नंतर आम्ही स्टोरेज खाजगी केलं आणि फोटो पाच मिनिटांत संपणाऱ्या सही केलेल्या दुव्याने दाखवायला लागलो. दुसरं भोक, चाचणीच्या सर्व्हरवर खऱ्या विद्यार्थ्यांच्या डेटाची प्रत होती आणि त्याचा पासवर्ड वर्षभर बदललेला नव्हता. तिसरं, शाखेतला कर्मचारी दर महिन्याला थकबाकीदारांची एक्सेल फाइल काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकत होता, नाव-नंबर-पालकांचा नंबर सगळ्यासकट. तिथून पुढे ती फाइल कोणाच्या फोनमध्ये आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आम्ही एक्सपोर्टचं बटण काढलं आणि थकबाकीची यादी अ‍ॅपमध्येच दाखवली, मोबाइलचे शेवटचे चार आकडे एवढंच ठेवून. कर्मचाऱ्याला फोन लावायचा असेल तर अ‍ॅपमधून लागतो, आणि त्याची नोंद राहते.

पुसण्याबाबत दोन तरतुदी एकमेकींना टकरावतात असं पहिल्या वाचनात वाटतं. कायदा म्हणतो, संमती मागे घेतली किंवा हेतू संपला की डेटा पुसा, दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलेला असेल तेवढा सोडून. नियम म्हणतो, वापर झाल्यापासून किमान एक वर्ष तो आणि त्याच्या नोंदी ठेवा, आणि तोही ठरावीक सरकारी कारणांसाठी मागणी आली तर देता याव्यात म्हणून. दोन्ही एकत्र पाळायचे तर डेटा असला तरी तो रोजच्या वापरातून गेलेला हवा. विद्यार्थ्याने खातं बंद केलं की आम्ही त्याची रांग मुख्य टेबलातून काढून वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या कप्प्यात टाकतो. तिथे अ‍ॅप पोहोचत नाही, शाखेचे कर्मचारी पोहोचत नाहीत. सोबत ‘पुसण्याची तारीख’ लिहितो: शेवटच्या वापरापासून एक वर्ष. रात्री चालणारं एक काम ती तारीख उलटलेल्या रांगा पुसतं. जीएसटीची बिलं मात्र वेगळी ठेवतो, कारण त्यांची मुदत वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने आहे. बिलात नाव आणि रक्कम राहते, फोटो आणि हजेरी राहत नाही.

विसरलं जातं ते बॅकअपमध्ये. मुख्य कप्प्यातून पुसलेला विद्यार्थी दोन वर्षांपूर्वीच्या बॅकअपमध्ये जिवंत असतो. बॅकअप किती दिवसांनी आपोआप जातात ते बघा, आणि जुना बॅकअप परत लावावा लागला तर त्यानंतर पुसण्याचं काम पुन्हा चालवायचं, अशी ओळ पानावर लिहून ठेवा.

## गळतीची खबर: एका शनिवारची तालीम

कायद्याच्या व्याख्येत गळती म्हणजे फक्त चोरी नाही. अनधिकृत वापर, चुकून उघड होणं, बदललं जाणं, नष्ट होणं, आणि डेटापर्यंत पोहोचता न येणं हेही त्यात येतं. रॅन्समवेअरने सर्व्हर कुलूपबंद केला आणि बाहेर काहीच गेलं नाही, तरी ती गळतीच. शिवाय ‘गळती लहान असेल तर कळवू नका’ अशी किमान मर्यादा नियमात नाही.

आम्ही मालकांना घेऊन तालीम केली. धरून चाललो की शनिवारी संध्याकाळी 7:20 ला एका विद्यार्थ्याचा संदेश आला: दुव्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचा फोटो दिसतोय. घड्याळ इथून सुरू होतं, आपल्याला कळल्यापासून.

पहिला अर्धा तास: स्टोरेज बंद करा, पण लॉग पुसू नका. घाईत सर्व्हर नव्याने उभा करणारे लोक पुरावाच घालवून बसतात, आणि मग कोणाचे फोटो खरंच उघडले गेले हे कधीच सांगता येत नाही. लॉगची प्रत काढून वेगळी ठेवा.

रात्री 1:20 पर्यंत: सर्ट-इन, म्हणजे सायबर घटनांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था. हे डेटा संरक्षण कायद्याच्या बाहेरचं, आणि आजच लागू असलेलं कर्तव्य आहे. 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे डेटा गळतीसारख्या सायबर घटना कळल्यापासून 6 तासांत `incident@cert-in.org.in` वर कळवायच्या आहेत, आणि लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत. नव्या नियमांसाठी एक वर्ष ठेवलेत की हेही भागतं. मे 2027 ची वाट बघणारे इथे आत्ताच मागे पडलेले असतात.

त्याच रात्री, विलंब न लावता: डेटा संरक्षण मंडळाला पहिली खबर आणि ज्यांचा डेटा गेला त्या प्रत्येकाला संदेश. मंडळाच्या पहिल्या खबरीत गळतीचं स्वरूप, व्याप्ती, वेळ, ठिकाण आणि संभाव्य परिणाम एवढं पुरतं. सगळं कळेपर्यंत थांबायचं नाही. विद्यार्थ्यांचा संदेश मात्र आधीच लिहून ठेवावा, कारण रात्री अकराला घाबरलेल्या अवस्थेत कोणालाच सरळ वाक्य सुचत नाही. आमचा मसुदा असा:

“शनिवारी संध्याकाळी 7:20 ला आम्हाला कळलं की तुमचा अ‍ॅपमधला फोटो लॉगिनशिवाय बाहेरून उघडता येत होता. तुमचा मोबाइल नंबर आणि फी यांना धक्का लागलेला नाही. या फोटोचा वापर करून कोणी तुमच्या नावाने बनावट प्रोफाइल बनवू शकतो. आम्ही तो मार्ग बंद केला आहे आणि कोणी फोटो पाहिले ते तपासतो आहोत. अभ्यासिकेच्या नावाने कोणी फी मागितली तर पैसे पाठवू नका, काउंटरवर विचारा. बोलण्यासाठी: शाखा व्यवस्थापक, हा नंबर.”

नियमात सांगितलेल्या पाचही गोष्टी यात आहेत: काय झालं, त्या माणसावर काय परिणाम होऊ शकतो, आपण काय केलं, त्याने काय करावं, आणि कोणाशी बोलावं. दुसरं वाक्य लॉग तपासून खरं असेल तरच ठेवायचं. तालमीत भागीदाराने ते सवयीने तसंच ठेवलं होतं आणि नंतर निघालं की फोटोंच्या कप्प्यात फीच्या पावत्याही होत्या. दिलासा देण्यासाठी लिहिलेलं न तपासलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी खोटं ठरतं.

मंगळवारी संध्याकाळी 7:20 पर्यंत, म्हणजे 72 तासांत: मंडळाला सविस्तर अहवाल. गळती कशामुळे झाली, काय उपाय केले, कोणी केलं याबद्दल काही सापडलं का, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, आणि लोकांना कधी कसं कळवलं. वेळ कमी पडत असेल तर लेखी विनंती करून मंडळाकडून मुदत वाढवून घेता येते. 72 तासांचा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. लोकांना वाटतं, तीन दिवस गप्प बसायची मुभा आहे. 72 तास सविस्तर अहवालाचे आहेत, पहिली खबर लगेचची आहे.

तालमीत आम्ही अडलो ते वेगळ्याच ठिकाणी: बाधित विद्यार्थ्यांची यादी काढायला आम्हाला सव्वादोन तास लागले, कारण कोणती फाइल कोणाची हे लॉगमधून कळत नव्हतं. ती जोडणी आता लॉगमध्ये आहे.

## दंड: आकडा नीट वाचा

कायद्याच्या अनुसूचीतले दंडाचे आकडे बातम्यांतून सगळ्यांनी ऐकलेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत. गळती न कळवल्यास 200 कोटींपर्यंत. बालकांबाबतची कर्तव्यं मोडल्यास 200 कोटींपर्यंत. सूचना, संमती, पुसणं यांसारख्या बाकीच्या तरतुदींसाठी 50 कोटींपर्यंत. यातला महत्त्वाचा शब्द ‘पर्यंत’ आहे. मंडळ चौकशी करून, उल्लंघन गंभीर आहे असं ठरलं तरच दंड लावतं, आणि रक्कम ठरवताना उल्लंघनाचं स्वरूप, किती काळ चाललं, कोणता डेटा, पुन्हा-पुन्हा झालं का, त्यातून फायदा मिळवला का, नुकसान कमी करायला किती लवकर काय केलं, आणि दंडाचा त्या माणसावर काय परिणाम होईल हे बघतं. म्हणून अभ्यासिकेला 250 कोटी लागतील असं सांगून घाबरवणाऱ्याचं ऐकू नका. पण शनिवारी रात्री लॉग जपला की पुसला, हे याच यादीत मोजलं जातं.

सुरक्षा आणि खबर ही दोन वेगळी खाती आहेत, हेही लक्षात ठेवा. गळती झाली आणि ती लपवली, तर दुसरं खातं आपण स्वतःहून उघडलं. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते. ज्याचा फोटो गेला त्या विद्यार्थ्याला त्यातून काही मिळत नाही.

‘स्टार्टअपला सूट आहे’ असंही ऐकू येतं. सरकार अधिसूचना काढून काही फिड्युशरींना, त्यात स्टार्टअपही, सूट देऊ शकतं. पण त्या सूटीत येणारी कलमं मोजकी आहेत: सूचना, डेटा अचूक ठेवणं, पुसणं, माहिती मागण्याचा हक्क अशी. सुरक्षा आणि गळतीची खबर त्यात नाहीत. म्हणजे सर्वांत मोठे दोन दंड छोट्यांनाही तसेच लागू राहतात.

दंड मालकांवर येईल, आमच्यावर नाही, हे कायद्याने खरं. पण करार करायला बसलो तेव्हा मालकांनी नुकसानभरपाईचं कलम मागितलं, आणि ते मागणं रास्तच होतं. आम्ही तिथे तीन गोष्टी लिहिल्या. गळतीचा संशय आल्यापासून 2 तासांत आम्ही मालकांना फोन करणार, नाहीतर त्यांचे 6 तास आमच्याच हातात संपतील. आमच्या कोडच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई वर्षाच्या शुल्काच्या रकमेपर्यंत आम्ही देणार, त्याच्या वर नाही. आणि शाखेतून कोणी एक्सेल बाहेर काढली तर ती जबाबदारी मालकांची. तिसऱ्या मुद्द्यावर त्यांनी थोडा वेळ घेतला, मग म्हणाले, “बटनच नाही ठेवलं तुम्ही, तं काढन कोन?” आणि सही केली.

ते पान आता तिन्ही शाखांत काउंटरच्या आतल्या बाजूला लावलेलं आहे. वरती कराराची तारीख, मध्ये आठ रकाने, आधारचा नववा खोडलेला, खाली गळती झाली तर पहिला फोन कोणाला याचा नंबर. तक्रार आली तर तिचं उत्तर जास्तीत जास्त 90 दिवसांत द्यायचं, ही ओळ पेनाने नंतर लिहिली आहे, कारण छापताना आम्ही ती विसरलो होतो.